पायात काय होतं?

रविवारी पुण्यातल्या एका मॉलमध्ये, बिलाच्या रांगेत, माझा चार वर्षांचा मुलगा हातातून निसटला. गार्डदादांनी आधी विचारलं, "पायात काय आहे?" शर्ट पटकन बदलता येतो, चपला सहसा कुणी बदलत नाही, म्हणे. लगेच वॉकीटॉकीवरून सगळी दारं आणि पार्किंगची वाट सांभाळायला सांगितली, शोध त्यानंतर. घोषणेत त्याचं नाव मुद्दाम घेतलं नाही. ऐकून कुणीही हाक मारेल ना!

तेरा मिनिटांनी सरकत्या जिन्यामागे सापडला. सिक्युरिटीच्या ताई त्याच्याशेजारी फरशीवरच बसून त्याच्या सँडलचा सुटलेला पट्टा लावत होत्या. पण मला लगेच दिला नाही. "ही कोण?" त्यालाच विचारलं, माझं ओळखपत्र पाहिलं, रजिस्टरमध्ये सही घेतली. तेव्हा रागच आला होता मला.

ताई, दादा, तुमची नावं विचारायची राहिली. मनापासून आभार.