ई-सिम डिलीट करण्याचा सल्ला कशासाठी?

संपादक महोदय,

कालच्या अंकातल्या ‘नव्या फोनवर नेट चालत नाही?’ या सदरात शेवटचा उपाय म्हणून ‘ई-सिम डिलीट करून पुन्हा टाका’ असे छापले आहे. वा! पुन्हा टाकायचे कुठून, तेवढे मात्र राहून गेले. ई-सिम फोनमध्ये उतरवायचा बहुतेक कंपन्यांचा क्यूआर कोड एकदाच चालतो. फोनमधले ई-सिम, म्हणजे त्याचे प्रोफाइल, उडवले की जुना कोड निकामी होतो आणि नव्यासाठी परत कंपनीच्या दारात उभे राहावे लागते.

मुळात फोटो, संपर्क, व्हॉट्सॲप नव्या फोनवर आले म्हणजे ई-सिमही आले, असे होत नाही. ते जुन्या फोनच्या चिपमध्येच राहते आणि कंपनीकडून रीतसर हलवून घ्यावे लागते. घरात वायफाय असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. घराबाहेर पडले की नेट गायब. त्यात दुसऱ्या कंपनीचे साधे सिम असेल तर वर त्याचे टॉवर दिसतात आणि माणूस ‘नेटवर्क तर आहे’ म्हणून एपीएन ही इंटरनेटची सेटिंग चाचपत बसतो. डेटा पॅक असतो ई-सिमवर.

म्हणून आधी दुसऱ्या फोनवरून आपल्याच नंबरला रिंग द्या. जुना फोन वाजला, तर नंबर अजून तिथेच आहे. नवा फोन कितीही वेळा रिस्टार्ट केलात तरी फरक पडणार नाही. नव्या फोनच्या सिमच्या यादीत तो नंबर दिसतो पण बंद आहे, तर नुसते बटण चालू करा आणि मोबाइल डेटासाठी तोच नंबर निवडा. यादीत नसेलच, तर कंपनीच्या ॲपवरून किंवा दुकानातून नव्या फोनसाठी ई-सिम मागा. तेव्हा नव्या फोनच्या ई-सिम चिपचा ३२ आकडी क्रमांक, म्हणजे ईआयडी, लागू शकतो. नव्या फोनवर *#06# दाबले की बहुतेक फोनांवर तो आयएमईआयसोबत दिसतो. प्रोफाइल उतरवायला वायफाय हवे, कारण डेटा तर अजून सुरूच झालेला नसतो. खात्री करणारा एसएमएस किंवा फोन जुन्या हँडसेटवरच येतो, त्यामुळे नव्यावर डेटा चालेपर्यंत तो पुसू नये. एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई तर नकोच.

आणि कंपन्या बारीक अक्षरांत सांगतात ते आपणही सांगितले नाहीत: सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक रोखण्यासाठी हे योग्यच आहे, पण बँकेचा ओटीपी त्या दिवशी येणार नाही, हे ग्राहकाला आधी कुणी सांगायचे? वीजबिलाची शेवटची तारीख असेल त्या दिवशी हा उद्योग करू नये.

पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापाल ही अपेक्षा, आणि ती पान चारवरच्या जाहिरातीखाली दडवू नये ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे