वही, पेन आणि एकच वाक्य

प्रिय मुक्ता,

तुझा मेसेज वाचला. “मी या कामाला लायकच नाही, हे आता ऑफिसात सगळ्यांना कळणार” हे वाक्य तू दिवाळीत घरी आली होतीस तेव्हाही म्हणालीस, गेल्या महिन्यात फोनवरही म्हणालीस. प्रसंग दर वेळी वेगळा होता, वाक्य मात्र तेच. मी धीर दिला की तुला संध्याकाळपुरतं बरं वाटतं आणि पुढची फाइल परत आली की पुन्हा सगळं तिथूनच सुरू होतं. म्हणून आज फोन न करता लिहिते आहे. समुपदेशनाच्या कामात ज्या पद्धतीवर माझा सर्वांत जास्त भरवसा बसला, ती तुला सांगायची आहे. तिला आम्ही विचारांची नोंद म्हणतो.

1960च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला ॲरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. उदास रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की माणसाला वाईट वाटायच्या जरा आधी त्याच्या मनातून एखादा विचार झर्रकन निघून जातो. विचार कुणाच्या ध्यानात राहत नाही, त्याने उठवलेली भीती तेवढी मागे उरते. असा विचार पकडायचा, कागदावर ठेवायचा आणि खरा आहे का ते बघायचं, अशी उपचाराची रीत त्यांनी बसवली. विचारांची नोंद त्यातलीच.

तुझा शुक्रवारचाच प्रसंग घेऊ. जे घडलं ते आधी वहीत लिहायचं, आणि तेही खोलीत बसलेल्या तिऱ्हाइताला दिसलं असतं तेवढंच. तू मला लिहिलंस, “सरांनी माझी फाइल तोंडावर मारली.” वहीत मात्र असं येईल: “शुक्रवारी संध्याकाळी सरांनी माझी ऑडिटची फाइल 14 शेरे मारून परत पाठवली. शेवटी लिहिलं होतं, सोमवारी भेट.” दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघ. पहिल्यात अपमान आधीच ठरून गेला आहे. तिथेच निवाडा झाला तर पुढे तपासायला काही राहतच नाही.

मग भावना, एका शब्दात, आणि ती किती ते शंभरपैकी. “भीती, 90.” “शरम, 70.” हा आकडा अचूक नसला तरी चालतो. नंतर परत बघताना काही हललं का, हे कळण्यापुरता तो हवा. “मला वाटतंय की सर मला काढतील” ही मात्र भावना नाही, विचार आहे. त्याची जागा पुढे.

आता खरं काम. चिंता बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपात येते. “सोमवारी काय होईल?” प्रश्नाला खरं-खोटं करता येत नाही, म्हणून तो रात्रभर फिरत राहतो. त्याचं सरळ विधान कर: “सोमवारी सर मला रागावतील.” मग स्वतःलाच विचार, तसं झालं तर त्याचा अर्थ काय? उत्तर खाली लिही आणि त्यालाही तेच विचार. तुझ्या बाबतीत ते असं उतरत जाईल असं मला वाटतं: “सर रागावतील. म्हणजे माझं काम वाईट आहे. म्हणजे ते मला पुढच्या ऑडिटला नेणार नाहीत. म्हणजे मला हे जमत नाही हे सगळ्यांना कळेल.” यातलं एखादं वाक्य लिहिताना पोटात खड्डा पडतो किंवा डोळे भरून येतात. तिथे थांब. सगळी भीती त्या वाक्यावर उभी आहे. त्याच्यापुढे तुला ते आत्ता किती टक्के खरं वाटतं ते लिही. समज, 85.

इथे बरीच माणसं अडतात, कारण सापडलेलं वाक्य तपासण्याजोगं नसतं. “मी लायक नाही” हे वाक्य खरं आहे की खोटं, हे ठरवायचं कशावरून? त्यासाठी कुठलं माप लावणार? बाजूने वीस मुद्दे लिहिलेस, विरुद्ध वीस लिहिलेस, तरी निकाल लागत नाही आणि वही मिटताना माणूस जास्तच दमलेला असतो. म्हणून आणखी एक पायरी घे. हे खरं असेल तर काय घडताना दिसेल, कधी दिसेल? तुझ्या बाबतीत: “सोमवारी सर मला सांगतील, की पुढच्या ऑडिटला येऊ नकोस.” हे सोमवारी घडेल किंवा घडणार नाही. माझ्या मते सगळ्या नोंदीत हे वाक्य मोलाचं, आणि त्यासाठी दहा मिनिटं गेली तर जाऊ देत.

त्यानंतर पुरावा. आधी विचाराच्या बाजूचा, आणि प्रामाणिकपणे. मनाला आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं असं वाटलं नाही, तर दुसरी बाजू ते वाचतच नाही. नियम एकच: कोर्टात उभं राहून सांगता येईल तेवढंच लिहायचं. “सर चिडलेत” हे चालणार नाही, तो तुझा अंदाज आहे. “सरांनी माझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही” हे चालेल. “14 शेरे आले” चालेल. आणि ती टीडीएसची चूक तर लिहायलाच हवी: त्या कंत्राटदाराचं प्रत्येक बिल 30,000 च्या आत होतं, म्हणून तू ते सोडलंस, पण वर्षाची बेरीज 1,00,000 च्या वर गेली होती, म्हणजे कर कापायला हवा होता. ही चूक खरी आहे. ती लपवून केलेली नोंद तुला स्वतःलाच पटणार नाही.

मग विरुद्ध बाजू. इथे तुला काही सुचणार नाही, कारण घाबरलेल्या मनाला आठवतं तेही घाबरवणारंच. अशा वेळी मी समोरच्याला दोन प्रश्न विचारते. हेच तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं, तर तू तिला कोणती गोष्ट दाखवून दिली असतीस? आणि याआधी असं झालं होतं तेव्हा पुढे प्रत्यक्षात काय झालं? तूच मला सांगितलेल्या गोष्टी बघ. 14 शेऱ्यांपैकी नऊ बिलांच्या प्रती न जोडल्याबद्दलचे आहेत, चार क्लायंटला विचारून घ्यायच्या गोष्टींचे, आणि एक टीडीएसचा. तुझ्या सीनियरची फाइलसुद्धा शेरे घेऊनच परत येते. सप्टेंबरमध्ये वाहतुकीचं एकच बिल दोनदा नोंदवलेलं तू पकडलंस आणि सरांनी तो मुद्दा रिपोर्टमध्ये घेतला. दिवाळीआधी फाइल परत आली होती, त्यानंतरच्या ऑडिटला तुला नेलंच. यातलं काहीही मी तुला खूश करायला जमवलेलं नाही, सगळं घडलेलं आहे.

शेवटी दोन्ही बाजू धरून एक वाक्य. “मी खूप हुशार आहे, सगळं छान होईल” असं लिहू नकोस. ते खोटं वाटतं, आणि खोटं वाटलं की भीती दुप्पट जोराने परत येते. असं काही लिही: “माझ्या फाइलवर 14 शेरे आले, त्यातली टीडीएसची चूक खरी आणि महत्त्वाची आहे, बाकीचे बहुतेक कागद जोडण्याबद्दलचे आहेत, आणि याआधी फाइल परत आल्यावरही मला पुढच्या कामाला नेलं आहे.” कोरडं आहे ना? असू दे. ते तुला किती पटतं ते लिही. मग मूळ विचार आता किती टक्के खरा वाटतो आणि भीती किती उरली, तेही लिही. 85 चे 50 झाले आणि भीती 90 वरून 60 वर आली, तर नोंद चांगली झाली. शून्याची वाट बघू नकोस. आकडा मुळीच हलला नाही तर बहुधा तू चुकीचं वाक्य पकडलं आहेस, खरं दुखणारं अजून खाली आहे. तेव्हा “म्हणजे काय?” हा प्रश्न आणखी एकदा विचार.

काही गोष्टी सांभाळ. भीती अगदी टोकाला असताना लिहायला बसू नकोस. जेवून घे, चालून ये, छातीतली धडधड उतरू दे, मग लिही. मोबाइलवर नको, हाताने लिही, कारण हाताने लिहिताना विचाराला वाक्याच्या वेगाने चालावं लागतं. एका बैठकीला वीसेक मिनिटं पुरे. आणि एका विचाराची नोंद एकदाच. पुन्हा तोच आला, आणि तो येणारच, तर नवं पान भरायचं नाही. जुनं उघडायचं, वाचायचं, खाली तारीख घालून या वेळी काय घडलं ते एका ओळीत लिहायचं. एका संध्याकाळी तू तेच पाच वेळा लिहायला लागलीस, नोंदी लांबत गेल्या आणि मिळणारा दिलासा आखूड होत गेला, तर वहीसुद्धा चिंतेच्याच कामाला लागली असं समज. तेव्हा ती बंद कर. दर वेळी मला फोन करून “सगळं ठीक होईल ना?” असं विचारणं हेही त्याच जातीचं, म्हणून आता त्या प्रश्नाला मी “पान उघडलंस का?” एवढंच म्हणेन. तो रुक्षपणा नाही हे तुला कळेल.

विचार खराही ठरू शकतो. समज, सरांनी खरंच सांगितलं की पुढच्या ऑडिटला येऊ नकोस. मग विचाराशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही, तिथे नोंदीचं काम संपतं आणि प्रश्न सोडवायचं काम सुरू होतं: नेमकं काय शिकायला हवं, कुणाकडून, किती दिवसांत, हे सरांनाच विचारायचं.

आणि हे वहीच्या बाहेरचं, पण आई म्हणून लिहायलाच हवं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण तुटलं, ऑफिसला जाणंच टाळावंसं वाटू लागलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर वहीवर भागवायचं नाही. मला लगेच सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पान मला दाखवायची गरज नाही. रविवारी दुपारी ते भर. सोमवारी भेट झाली की सर काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, तुझा अर्थ न मिसळता, “पुढच्या ऑडिटला येऊ नकोस” या तुझ्या भाकिताच्या खाली लिही. टीडीएसच्या त्या कंत्राटदाराची वर्षभराची बेरीज मांडून सोबत घेऊन जा.

तुझी,
आई