नाना, माय घरीच राहिली ती तुमच्यामुळे

नाना, सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही शेजारीच राहता, पण तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. आणि अमळनेरात ज्यांनी आमच्या घरच्या भांडणावर ओट्या-ओट्यावर चर्चा केली, त्यांनाही कळू दे की त्या भांडणाचं पुढे काय झालं.

मायचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि टाके निघायच्या आत आमच्या घरात नातेवाइकांची बैठक बसली. काकांनी निकाल दिला: चौघा भावंडांनी मायला तीन-तीन महिने वाटून घ्या. पुणे, सुरत, नाशिक, धरणगाव. ऐकायला किती सोपं! सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायला आणि आपापल्या गाडीने निघून गेले. परत फिरकलं कोणी नाही. सल्ला मात्र फोनवर अजून येतो.

तीन महिन्यांच्या त्या वाटणीत काय होतं ते आम्ही भोगलं. पुण्याला भाऊकडे चौथा मजला. संडास वेगळा, पलंगाची उंची वेगळी, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण कुठे ते सापडत नाही. वॉकर धरून चालणाऱ्या म्हातारीला घर बदलणं म्हणजे पडण्याची भीती नव्याने सुरू होणं. शेजारी अहिराणी बोलणारं कोणी नाही, म्हणून ती दिवसभर गप्प. आणि प्रत्येक शहरात नवा डॉक्टर, नवी चिठ्ठी.

त्या चिठ्ठ्यांनीच घात केला असता. माय घरी आली तेव्हा दोन्ही पाय घोट्यापाशी सुजलेले, आणि उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. भाऊला वाटलं म्हातारपण. तुम्ही गोळ्यांचा डबा खाटेवर उपडा केलात, भिंग काढलंत आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसलात. दोन पाकिटं, दोन कंपन्या, दोन नावं, आणि खाली दोन्हींवर तेच, ॲम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. एक आपल्या डॉक्टरांचं, एक पुण्याचं. बीपीची एकच गोळी ती रोज दोनदा घेत होती. पाय सुजणं आणि चक्कर या दोन्ही त्या गोळीच्या ठरलेल्या खोडी, आणि डोस वाढला की जास्तच. आपल्या डॉक्टरांनी एक बंद केली आणि सूज उतरली. तेव्हापासून नियम झाला: डॉक्टर एकच, अमळनेरचे. बाहेरच्या कोणी गोळी लिहिली तर आधी त्यांना दाखवायची, मगच डब्यात.

पण नाना, मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. आम्ही चौघं फोनवर कोण कधी येणार यावरून वाद घालत होतो, आणि तुम्ही फोन बाजूला ठेवून मायच्या खाटेशी बसलात. म्हणालात, "माय, तुन्हा मनमा काय शे ते सांग." इतक्या महिन्यांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. काकांनी नाही, डॉक्टरांनी नाही. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. "माले मन्हा घरमा ऱ्हाऊ द्या." आणि दुसरी अशी की आम्ही सगळे रात्री आठलाच फोन करतो, एकामागून एक, "जेवलीस का" विचारतो, आणि बाकी दिवसभर फोन वाजत नाही.

त्या दोन वाक्यांवर आमची सगळी पाळी उभी आहे. माय हलणार नाही, आपण हलायचं. आणि फोन वाटून घ्यायचे. सकाळी मी: गोळ्या घेतल्या का, पाणी किती प्यायलीस. दुपारी सुरतवाली, तिच्याशी माय मनसोक्त गप्पा मारते. संध्याकाळी भाऊ, कारण तेव्हा दिवसाची बाई घरी निघालेली असते आणि तिच्याकडून दिवसाची खबर घेता येते. मे महिन्यात खान्देशात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तो पाण्याचा सकाळचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो, हे आम्हाला मागच्या उन्हाळ्यात कळलं. "तहान नाही" म्हणते आणि दुपारी जीभ कोरडी.

पैशाचं भांडण सगळ्यात घाण होतं, ते तुम्ही एका वहीत मिटवलंत. पतसंस्थेत हयात घालवलेल्या माणसाचं अक्षर! महिन्याला साधारण अठरा हजार: दिवसाची बाई, औषधं, फिजिओथेरपी. भाऊची ओढ समान वाटणीकडे. तुम्ही विचारलंत, "धाकटी धरणगावहून येऊन आठवड्यातल्या दोन रात्री झोपते, त्याचं काय?" रात्रीची बाई आपल्याकडे एका रात्रीचे पाचशे घेते. म्हणजे महिन्याला चार हजारांवर तिचं काम, आणि ते कोणाच्याच हिशोबात नव्हतं. तुम्ही वहीत तिच्या नावापुढे ती रक्कम जमा म्हणून लिहिलीत, आणि ते अठरा हजार आम्ही तिघांनी कमाईप्रमाणे वाटून घेतले: भाऊ आठ, मी सहा, सुरतवाली चार. तिकिटंही त्याच खात्यातून. हे तुमचंच म्हणणं, की भाडं ज्याचं त्याने भरलं तर ज्याची कमाई कमी ती आधी येणं कमी करते. सुरतवाली नंदुरबारमार्गे रेल्वेने थेट येते, तरी तिच्या घरात तेव्हा ते तिकीटही जड होतं. आता तिला विचारावं लागत नाही.

काका मध्येच म्हणाले होते, लेकींचा पैसा माहेरी चालत नाही. तुम्ही शांतपणे सांगितलंत की आईवडिलांच्या पोषणाचा २००७चा कायदा मुलगे आणि लेकी दोघांनाही मोजतो. काकांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. बरं झालं. आखाजीला लेकीने माहेरी यायचं, मांडे खायचे, इतकंच ज्यांना माहेर वाटतं, त्यांच्याशी वाद घालण्यात माझा वेळ गेला असता.

कच्चा दुवा अजून एक आहे. दसऱ्यानंतर दिवसाची बाई कापूस वेचायला जाते. किलोवर मजुरी, ती आपल्या घरातल्या पगारापेक्षा बरी. तिला दोष कसा द्यायचा? म्हणून ती सुट्टी भाऊ आपली रजा टाकून भरतो. सुरतवाल्यांना तेव्हा दिवाळीच्या कापडाची घाई, त्यांना सोडलं. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर एक दिवस तरी राहायचं, गोळ्यांचा डबा हातात द्यायचा, मायला उठवून दाखवायचं. हा दिवस वाचवायला गेलं की हमखास काहीतरी चुकतं. बहुधा गोळीच.

माणुसकी म्हणजे काही मोठं करणं नसतं, असं लोक बोलतात. मला तुमच्याबद्दल तेही लिहावंसं वाटत नाही, कारण तुम्ही जे केलंत ते छोटं नव्हतं. शेजाऱ्याने दुसऱ्याच्या घरच्या पैशाच्या भांडणात पडायचं, वही धरायची, आणि कोणाचा राग ओढवून घ्यायची तयारी ठेवायची, हे आमच्या सख्ख्यांना जमलं नाही.

एक तक्रार आहे. भाऊचे या महिन्याचे आठ हजार अजून आलेले नाहीत. माझं तो ऐकत नाही. तुम्हीच फोन करा, तुमच्या आवाजात "वहीत लिहून ठेवू का?" म्हटलं की संध्याकाळपर्यंत येतात.

तुमची,
नाशिकवाली