पाटल्या आणि पोत सोडवण्याबद्दल

९ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार,

बाबा, आधी हातातलं काम बाजूला ठेवा, चष्मा लावा आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचा. फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही "बरं बरं, पाहू" म्हणून फोन आईकडे देता, म्हणून लिहून पाठवते आहे. गोलूला सांगितलंय, याची प्रिंट काढून तुमच्या हातात द्यायची.

आज सकाळी गहाण ठेवलेलं सोनं सोडवायला तुमच्या खात्यात १,१०,००० रुपये टाकले आहेत. ते परत पाठवू नका. "पोरीचा पैसा घेत नसतात बाप्पा" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे, पण यावेळी ते ऐकायचं नाही असं मी आणि प्रशांतनी मिळून ठरवलंय. त्यांनीच आधी विषय काढला. मागच्या चैत्रात ओवीच्या वेळी दीड महिना घरी होते, तेव्हा डिंकाच्या लाडवांपासून दवाखान्याच्या बिलापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आणि जूनमध्ये पेरणीला हात रिकामे होते ते कशामुळे, हे मला आत्ता कळतंय. मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

आई, तुझ्यामुळेच कळलं. व्हिडिओ कॉलवर तू सारखी गळ्यावर पदर ओढून घेत होतीस. आधी वाटलं थंडी असेल. मग ओवीनं पदराकडे बोट दाखवलं, तू हसून पदर सरकवलास आणि मला नुसता काळ्या मण्यांचा दोरा दिसला. दुसऱ्याच दिवशी गोलूला सोनेतारण कर्जाच्या कागदाचा फोटो पाठवायला लावला. त्याच्यावर रागावू नका.

बाबा, गोलू म्हणाला, "बाबाचं म्हणणं आहे एक लाख राहिले, पाडव्याला तूर विकून सोडवून टाकू." तसं नाही. कागद नीट वाचल्यावर काय दिसलं ते सावकाश सांगते.

फोटो बल्बच्या उजेडात काढलेला होता आणि कागदाची घडी नेमकी मुद्दलाच्या आकड्यावरून गेली होती. जिथे Principal O/S छापलंय, म्हणजे बाकी असलेलं मुद्दल, तिथला तिसरा अंक कळेना. १,०५,९५७ की १,०६,९५७ की १,०८,९५७? मोठं करून पाहिलं तर आणखीच फाटलं. अशा वेळी डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, वरच्या ओळींवरून हिशोब करून पाहायचा. तुम्हीच नाही का कापसाच्या काट्याची चिठ्ठी पुसट आली की गाठोडी मोजून वजन ताडून पाहायचे, तसंच.

वरची ओळ स्पष्ट होती. १२ जून २०२५ ला १,२०,००० दिले, दर साल १२ टक्के. दुसरी ओळ १० नोव्हेंबरची, तुम्ही सोयाबीनच्या पैशातून २०,००० भरले ती. तुम्हाला वाटलं वीस हजार मुद्दलातून गेले. पण भरलेल्या पैशातून आधी तोपर्यंतचं व्याज वळतं होतं आणि उरलेलं मुद्दलात जातं. जून ते नोव्हेंबर दिवस किती झाले? जूनचे १८, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे १०, म्हणजे १५१. १,२०,००० ला १२ नी गुणायचं, १५१ नी गुणायचं आणि ३६,५०० नी भागायचं. ३६,५०० म्हणजे शंभर गुणिले वर्षाचे ३६५ दिवस, दुसरं काही नाही. उत्तर येतं ५,९५७ रुपये. कागदावर व्याजाच्या रकान्यात हाच आकडा आहे.

मग तुमच्या वीस हजारांतले १४,०४३ मुद्दलात गेले. १,२०,००० मधून ते वजा केले की उरतात १,०५,९५७. घडीखालचा अंक पाच आहे, हे असं पक्कं झालं. म्हणजे एक लाख नाही, जवळपास सहा हजार जास्त. यात तुमची काही चूक नाही बाबा. पावतीवर २०,००० एवढंच लिहून देतात, त्यातलं किती कुठे गेलं ते तुम्हाला तिथे कुणी सांगितलं नसणार.

आता व्याज. Int. Due समोर २,९२६ आहे आणि त्याखाली नोटिशीच्या खर्चाचे ११८. जानेवारीत पोस्टानं जे पत्र आलं आणि तुम्ही देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं, त्याचे हे. गोलूनं सगळी बेरीज करून १,०९,००१ सांगितले. बेरीज बरोबर आहे, पण ती २ फेब्रुवारीची, कागद छापला त्या दिवसाची. व्याज कागदावर थांबलं तरी खात्यात रोज चढतंच असतं. सध्याच्या मुद्दलावर दिवसाचे ३४ रुपये ८४ पैसे होतात. म्हणून सोडवायला जायचा दिवस आधी ठरवायचा आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज धरायचं.

मी तुमच्यासाठी सोमवार, १६ फेब्रुवारी ठरवलाय. महाशिवरात्रीचा उपास आदल्या दिवशी होऊन जाईल. १० नोव्हेंबरपासून १६ फेब्रुवारीपर्यंत ९८ दिवस भरतात, त्याचं व्याज ३,४१४. मुद्दल १,०५,९५७, व्याज ३,४१४, नोटिशीचे ११८, मिळून १,०९,४८९ रुपये. एवढे भरले की सोनं सुटतं. काही ठिकाणी कर्ज घेतल्याचा आणि फेडल्याचा असे दोन्ही दिवस धरतात. तसं असेल तर पस्तीसेक रुपये वर जातील, म्हणून १,१०,००० टाकले. काउंटरवर यापेक्षा जास्त सांगितलं तर भांडू नका. "कोणत्या तारखेपर्यंतचं व्याज आणि दर किती धरला" एवढंच विचारा आणि तिथूनच मला फोन करा.

दराचं मुद्दाम सांगते, कारण मला तीच भीती होती. व्याज वेळच्या वेळी भरलं नाही तर दर वाढवणाऱ्या योजना सोनेतारणात असतात. वर ठळक अक्षरात कमी दर असतो आणि खाली बारीक अक्षरात वाढलेला. म्हणून २,९२६ हा आकडा उलटा करून पाहिला. १,०५,९५७ वर ८४ दिवसांचं एवढं व्याज १२ टक्क्यांनीच येतं. म्हणजे २ तारखेपर्यंत तरी दर वाढलेला नाही.

तुम्ही म्हणाल, दिवसाला पस्तीस रुपयेच ना, मग पाडव्यापर्यंत थांबू. मीही आधी तसाच विचार केला. पण कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मुदत लिहिलीय १२ मार्च आणि पाडवा आहे १९ मार्चला. मुदत उलटली की दंडाचा आकार लागतो आणि पुढे लिलावाची नोटीस येऊ शकते. आणि १२ मार्चच्या धाकानं तुम्ही तूर मिळेल त्या भावात घालाल, हे मला दिसतंय. यंदा तूर घरात ठेवा, भाव पाहा आणि तुमच्या मनानं विका. मला पैसे परत द्यायचेच असतील तर तुरीनंतर द्या, मी नाही म्हणणार नाही. पण मी मागणारही नाही, हे आधीच लिहून ठेवते.

ओवीचं किंवा आमचं काही अडतंय असं मनात आणू नका. पैसे नुसते ठेवलेले होते. घरभाडं, तिचं दूध, सगळं नीट चाललंय. बाबा, लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन नाल्यातून पलीकडे न्यायचे आणि पाणी छातीला लागलं तरी "कायी नायी होत" म्हणायचे. तेच मी आता तुम्हाला म्हणतेय.

आता जायच्या दिवशीचं ऐका. कर्ज तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्हालाच जावं लागेल. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि तारणाची मूळ पावती घ्या, झेरॉक्स नको. पैसे रोख काढून एसटीत घेऊन जाऊ नका. दारव्ह्याला आधी आपल्या बँकेत उतरा आणि तिथून कर्जखात्यात भरा. भरल्याची पावती आणि खातं बंद झाल्याचा कागद, दोन्ही मागून घ्या. बीपीची गोळी न्याहारीनंतर घेऊनच निघा आणि डबा सोबत ठेवा, तिथे वेळ लागतो.

आई, तूही जा. आजीच्या पाटल्या आणि तुझी पोत तुझ्याशिवाय कोण ओळखणार? पाकीट तुमच्यासमोरच फोडायला सांग आणि दागिने काट्यावर ठेवून घे. पावतीवर एकूण वजन २०.१०० ग्रॅम आणि Net Wt. १८.६०० ग्रॅम लिहिलंय. दुसरं वजन मणी आणि दोरा वजा करून धरलेलं आहे, म्हणून काटा २०.१०० ला यायला हवा. १८.६०० वरच थांबला आणि "बरोबर आहे" म्हणाले तर सही करू नका. उजव्या पाटलीला जोडाजवळ दबलेली खूण आहे, मी पडले होते तेव्हाची. ती पाहून घे.

गोलूला सांग, नवीन कागद मिळाला की सरळ करून ओट्यावर दिवसाच्या उजेडात ठेव आणि बरोबर वरून फोटो काढ, चारही कोपरे दिसले पाहिजेत.

आई, रागावू नकोस. सोमवारी घरी आलीस की चहा मांडायच्या आधी मला व्हिडिओ कॉल कर आणि त्या दिवशी पदर नीट बाजूला घे.

तुमची,
मनू