प्रश्नमंजूषेची संहिता लिहिणाऱ्या मित्रास

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या प्रश्नमंजूषेची संहिता कशी लिहायची, असं तू विचारलंस. सगळ्या फेऱ्यांबद्दल थोडंथोडं सांगण्यापेक्षा बझर फेरीतला एकच प्रश्न नीट उलगडून दाखवतो.

आधी उत्कंठा कुठे ठेवायची ते ठरव. बरेच सूत्रसंचालक ती उत्तरानंतर ठेवतात. मूल उत्तर देतं, हे थांबतात, "नक्की ना?" विचारतात आणि मग "चूक!" म्हणतात. सगळं सभागृह त्या मुलाकडे बघत असतं, आणि पुढच्या प्रश्नाला त्याचा हात बझरकडे जात नाही. शिवाय "नक्की ना?" हे आपण नकळत चुकीच्या उत्तरालाच जास्त विचारतो, आणि मुलं ते फार लवकर ओळखतात. म्हणून निकाल लगेच सांगून टाक आणि उत्कंठा प्रश्नातच पेर. कागदावर असं लिही:

"एक ग्रह, तीन धागे. पहिल्या धाग्यावर ओळखलात तर 20 गुण, दुसऱ्यावर 15, तिसऱ्यावर 10. प्रत्येक गटाला एकच संधी. (दोन सेकंद थांब.) पहिला धागा: या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ स्वतःभोवती एकदा फिरायला लागतो. (मनात पाच मोज.) दुसरा धागा: 1970 मध्ये एक सोव्हिएत यान इथे उतरलं. त्या तापलेल्या जमिनीवरून त्यानं 23 मिनिटं संदेश पाठवले आणि मग ते कायमचं गप्प झालं. (पुन्हा पाच.) तिसरा धागा: रात्रीच्या आकाशात चंद्राखालोखाल तेजस्वी हाच. संध्याकाळी पश्चिमेला शोधा, नाहीतर पहाटे पूर्वेला."

उत्तर शुक्र. शेजारी "व्हीनस चालेल" हेही लिहून ठेव, म्हणजे ऐन वेळी परीक्षकांकडे बघावं लागणार नाही. यानाचं नाव व्हेनेरा 7. ते धाग्यात घेतलंस तर नावातूनच उत्तर फुटेल.

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या धाग्याच्या शब्दांवर घालव. "हा ग्रह उलट दिशेनं फिरतो" असं लिहिलंस तर युरेनस हेही उत्तर बरोबर ठरतं. "याचा दिवस वर्षापेक्षा मोठा" असं लिहिलंस तर बुध सांगणाऱ्यालाही गुण द्यावे लागतील, कारण बुधावर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत त्याची दोन वर्षं जातात. स्वतःभोवतीच्या फेरीबद्दल विचारलं की फक्त शुक्र उरतो: त्या फेरीला 243 दिवस आणि सूर्याभोवती 225. पहिल्या धाग्यावर दुसरं कुठलं उत्तर बसत असेल, तर तो धागा बदलायचा. असं उत्तर चूक ठरवलंस तर नंतर कितीही गोड बोलून उपयोग नाही.

आता चुकीचं उत्तर. समज, पहिल्याच धाग्यावर ब गटानं बझर दाबला आणि "बुध" म्हटलं. बुध का नाही, हे तिथे समजावू नकोस, कारण अजून तीन गट खेळात आहेत आणि तुझ्या खुलाशातून त्यांना फुकटचा धागा मिळेल. "जवळ आलात" हेही तसंच. तेव्हा फक्त एवढंच: "बुध नाही. धन्यवाद, ब गट. बाकीच्या तीन गटांसाठी दुसरा धागा." आवाज प्रश्न वाचतानाचाच ठेव.

मुलाचा मान राखायचं खरं काम उत्तर उघड झाल्यावर आहे. क गटानं दुसऱ्या धाग्यावर शुक्र ओळखला, 15 गुण जाहीर झाले, की ब गटाकडे वळ आणि म्हण: "तुम्ही बुध का म्हणालात ते माझ्या लक्षात आलं. बुधाचा दिवस खरोखरच त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो. मी मात्र स्वतःभोवतीची फेरी विचारली होती, आणि ती बुध 59 दिवसांत पूर्ण करतो." याला दहा-बारा सेकंद लागतात. मुलाला कळतं की आपली माहिती खरी होती, फक्त इथे ती लागू नव्हती.

हे वाक्य आयत्या वेळी सुचत नाही. प्रत्येक प्रश्नाखाली संभवणारी दोन चुकीची उत्तरं आणि त्यांच्यामागचं कारण आधीच लिहून ठेव. एखाद्यानं नुसता अंदाज मारला, म्हणजे इथे "गुरू" म्हटलं, तर ओढूनताणून कौतुक करू नकोस. मुलांना खोटं कौतुक लगेच समजतं. "गुरू नाही, धन्यवाद" पुरे.

तिसऱ्या धाग्यानंतरही कोणी बझर दाबला नाही, तर दहा सेकंदांनी प्रश्न प्रेक्षकांकडे दे. फक्त गटांना गुण मिळणार नाहीत, हे आधीच सांग.

असे तीन धाग्यांचे प्रश्न फेरीत चारच ठेव, बाकीचे एका वाक्याचे. सगळेच लांबवलेस तर मुलं पहिला धागा ऐकणं सोडून देतात. तुझे चार प्रश्न लिहून झाले की पाठव; पहिले धागे दोघं मिळून तपासू.

तुझा,
अनिल