कापलेल्या पानावरचे आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कंडक्टरकीच्या गोष्टींचं पुस्तक तुम्ही तपासून दिलंत, पण त्यात तुमचे आभार का नाहीत, हे आता घरोघरी विचारलं जातंय. परवा निपाणी स्टँडवर आमच्या जुन्या डेपोतला एक टायरवाला भेटला. म्हणाला, "काय ओ, त्या बाईंनी एवढं केलं आणि तुम्ही त्यांचं नाव सुद्धा घातलं नाही?" आता त्याला काय सांगू? नाव घातलं होतं. अडीच पानं घातलं होतं. ती तुम्हीच कापलीत. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं उघड्यावर लिहितोय, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुस्तक छापताना कागद सोळा सोळा पानांच्या फॉर्मात दुमडतात. माझं पुस्तक डीटीपी होऊन आलं ते १०४ पानांचं. प्रेसवाल्यानं सांगितलं, एक तर ९६ करा, नाहीतर ११२ करा आणि आठ कोऱ्या पानांचे पैसे द्या. मी गोष्टी वाढवायच्या तयारीत होतो. तुम्ही पेन्सिल काढलीत. माझं मनोगत अर्ध्या पानावर आलं, 'घाट आणि मी' नावाचं चिंतन अख्खं गेलं, आणि पानं बरोबर ९६ भरली. चिंतनाचं वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. तो घाट पुस्तकात आहेच की, गाडी चढवतोय तेवढा पुरे.

पण आभार मानायचेत ते या कापाकापीचे नाहीत. प्रेसला देण्याआधी "हे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवा, आणि मी मागे बसते," असं तुम्ही म्हणालात, त्याचे.

आमच्या ड्रायव्हरच्या पडवीत रविवारी दुपारी बैठक बसली. तो हुक्केरीकडचा, घरात कन्नड, पण आमच्याबरोबर आयुष्य काढल्यामुळे मराठी सगळं कळतं. दोन कंडक्टर, तो टायरवाला, स्टँडवरचा एक हमाल, आणि निवृत्त झालेला एक चेकर. या चेकरनं माझ्या किती वेबिलांवर, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदांवर, सह्या केल्या असतील त्याला गणती नाही. त्याला बोलवू नये असं माझं मत होतं. तुम्ही म्हणालात, तोच पाहिजे.

मी वाचत होतो आणि तुम्ही दाराजवळ हस्तलिखिताची दुसरी प्रत मांडीवर घेऊन बसला होता. मला वाटलं शुद्धलेखन बघताय. नंतर ती प्रत हातात आली तेव्हा समासात बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं : 'खोकला', 'चहाकडे बघितलं', 'हमाल पुढे सरकला', 'दोघे एकमेकांशी बोलले', 'चेकर गप्प'. ऱ्हस्वदीर्घाची एक खूण नाही. जिथं खोकला होता तिथं माझं वर्णन लांबलं होतं, आणि जिथं हमाल पुढं सरकला तिथं गोष्ट धावत होती. हे मला कुणी सांगून पटलं नसतं.

आता पुस्तकातली 'एक डोकं जास्त' ही गोष्ट. तिकिटाचं मशीन यायच्या आधीचा काळ, तिकिटांचे गठ्ठे पेटीत, प्रत्येक किमतीचा वेगळा, आणि प्रत्येक स्टेजला गठ्ठ्यावरचा चालू नंबर वेबिलात लिहायचा. बेळगावची गाडी निपाणीतून ३८ माणसं घेऊन निघते. कणगल्याला चार उतरतात, सात चढतात. म्हणजे ४१. संकेश्वरच्या अलीकडे चेकर गाडी थांबवतो, आधी वेबिल आणि पेटी ताब्यात घेतो, म्हणजे मागाहून तिकीट फाडता येत नाही, आणि मग डोकी मोजतो. डोकी ४२.

मी पहिल्या लिखाणात पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं की मागच्या सीटखाली, तंबाखूच्या बोदाआड एक पोरगं लपलं होतं. वाचलं तेव्हा मंडळी शांतपणे ऐकत राहिली. समासात तुमची खूण : 'कुणीच मोजत नाही'. घरी आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "त्या दिवशी तुम्हाला ते पोरगं आधी माहीत होतं का?" नव्हतं. "मग वाचणाऱ्याला आधी का सांगताय?"

पोरगं शेवटी नेलं आणि पुढच्या रविवारी तीच गोष्ट पुन्हा वाचली. ३८, वजा चार, अधिक सात म्हणताना एका कंडक्टरची बोटं मांडीवर हलायला लागली. दुसरा मध्येच म्हणाला, "कणगल्याला क्लोजिंग केलंस का नाही?" म्हणजे गठ्ठ्यांचे नंबर वेबिलात उतरवलेस का. लिहिलेल्या गोष्टीत मी अडकलो होतो आणि हा मला खऱ्या ड्यूटीवरून विचारत होता! त्याच बैठकीत तवंदीचा घाट निघाला. मी लिहिलं होतं, 'घाटाच्या वळणावर मी शांतपणे आकडे मांडत होतो.' यावर सगळे हसले. घाटात एका हातानं दांडा धरून, वेबिल गुडघ्यावर घेऊन कसं अक्षर येतं ते सगळ्यांनी भोगलेलं. आता गोष्टीतल्या वेबिलात सात आणि एक सारखेच दिसतात, आणि चेकर आधी त्याच आकड्यावर बोट ठेवतो. गोष्टीतला संशय तिथून सुरू होतो. ही भर माझी नाही, त्या हसण्याची आहे.

ड्रायव्हरनंही एक काम केलं. गोष्टीत त्याच्या तोंडी मी घाटातच भलंमोठं भाषण घातलं होतं. तो म्हणाला, "चढाला मी कधी बोललोय का?" नाही बोलला. क्लच, गियर आणि समोरचा ट्रक, एवढंच त्याचं जग. आता तो सगळ्या गोष्टीत एकदाच तोंड उघडतो, "मुंद होग्री", म्हणजे कन्नडमध्ये पुढं चला, म्हणायला, आणि तिथं लोक हमखास हसतात.

राहिला चेकर. दोन्ही वेळा तो गप्प होता. शेवटी म्हणाला, "त्या पोराचं हाफ तिकीट मीच घेतलं होतं माझ्या खिशातून. तुला मेमो पण दिला. दोन्ही लिही." मी लिहिताना त्याला दुष्ट तरी करत होतो, नाहीतर देव तरी. तुम्ही दोन्ही वाक्यं एका खाली एक ठेवलीत, मध्ये 'पण' सुद्धा घालू दिला नाहीत.

बाकी कामं तुम्ही केलीत ती थोडक्यात : फॉन्ट बदलताना 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतला अर्धा र तुटून फुल्ल्या उमटल्या होत्या, त्या तीन प्रुफांत हुडकून काढल्यात. डीटीपीचा पोरगा कन्नड शाळेतला, त्याला रागावला नाहीत, शेजारी बसून दाखवलंत. मुखपृष्ठावर माझा फोटो नको हे सांगायचं धाडस घरातल्यांनी केलं नव्हतं, ते तुम्ही केलंत.

पुढच्या महिन्यात खानापूरला आमच्या जुन्या लोकांसमोर वाचायचंय. त्यात दोघंजण तंबाखूच्या गाडीवर होते, म्हणजे बोदाचं वजन चुकलंय का ते कळेल. गाडी सकाळची आहे. तिकीट मी काढतो. दुसरी प्रत आणि पेन्सिल तुम्ही घ्या. घाट चढताना लिहू नका एवढंच.

आपला,
निवृत्त कंडक्टर, निपाणी