पट्टी वाचायला तुम्हीच शिकवलंत

विलेपार्ले (पूर्व), 6 जुलै

ती. बाबांस आणि सौ. आईस सा. न. वि. वि.

माझ्या घरच्या थाळ्या जेवण पोहोचवणाऱ्या ज्या अॅपवरून विकते, त्याबद्दल परवा फोनवर बाबा जे बोललात ते मनात घोळत राहिलं. "शंभरातले तीस कोणी दुसराच खातो, बंद कर ते अॅप." त्या वेळी पोळ्या तव्यावर होत्या, नीट उत्तर देता आलं नाही. फोनवर आकडे सांगता येत नाहीत, शिवाय आई मध्येच विचारते की जेवलीस का. म्हणून लिहिते आहे.

वाशीहून आंब्याची पट्टी यायची तेव्हा तुम्ही आधी खालची बेरीज बघायचात, मग वर सरकायचात: आडत, हमाली, तोलाई, भाडं. मीही तेच करते. अॅपकडून दर आठवड्याला हिशोब येतो. कागद नसतो, मोबाईलवरच उघडावा लागतो, पण आहे ती पट्टीच. त्यातली एक थाळी घ्या. यादीत किंमत 250. अॅपच्या लोकांनी सांगितलं की सवलत दिली नाही तर आपलं नाव खाली जातं, म्हणून मी माझ्या खिशातून 50 सोडते. राहिले 200. त्यावर 25 टक्के कमिशन म्हणजे 50, आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 9. हातात आले 141. जिन्नस, गॅस आणि मावशींची मजुरी मिळून 85, डबे-पिशवी 15. उरले 41. (जेवणावरचा 5 टक्के जीएसटी यात नाही. 1 जानेवारी 2022 पासून तो ग्राहकाकडून घेऊन अॅपच भरतं, तो माझ्या अंगावर येत नाही.)

तीच थाळी व्हॉट्सअॅपवर सांगणाऱ्याला मी 220 ला देते. तो यूपीआयने पैसे टाकतो, त्यावर कमिशन नाही. खालच्या गल्लीतला मुलगा सायकलवर पोहोचवतो, फेरीचे 30. म्हणजे 220 मधून 30 आणि 100 वजा, उरले 90. थाळीमागे 49 रुपयांचा फरक. इथवर तुमचं बरोबरच आहे, बाबा.

पण दिवसाला अॅपवरून बावीस थाळ्या जातात आणि माझ्या नंबरवरून आठ. अॅप आज बंद केलं तर ते 41 गुणिले 22, म्हणजे 902 रुपये, उद्यापासून बंद. आठ थाळ्यांचे 720 घेऊन मी बसेन आणि मावशी रिकाम्या बसतील. आडत्याला आपण माल का द्यायचो? गिऱ्हाईक आपल्याला माहीत नव्हतं म्हणून. अॅपचं कमिशन हे मला तसंच वाटतं, अनोळखी माणूस दारापर्यंत आणून देण्याची ती किंमत आहे. अनोळखी माणसासाठी ते मला फारसं महागही वाटत नाही. खुपतं ते वेगळंच. तोच माणूस दहाव्यांदा येतो आणि मी दहाव्यांदाही तेवढंच देते.

हे कळायला मी महिनाभर वही ठेवली. अॅप फोन नंबर दाखवत नाही, पण नाव आणि सूचना दिसते: "आमटीत तिखट कमी", "बेल वाजवू नका, बाळ झोपलंय." तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो. बावीसपैकी रोज साधारण बारा जुनेच निघाले. त्यातले पाच जरी माझ्या नंबरवर आले तर 49 गुणिले 5, म्हणजे दिवसाला 245 आणि सव्वीस दिवसांचे 6,370. मावशींच्या एका मुलाची वर्षाची फी त्यात निघते. अॅप मात्र सुरूच राहील.

डब्यात चिठ्ठी घालून नंबर द्यावा असं सगळे सुचवतात. मी करारपत्र पुन्हा वाचलं. अॅपकडून आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर वळवू नये असं माझ्या करारात स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणून चिठ्ठी टाकली नाही. त्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी फळा लावला, उद्याचा बेत आणि खाली नंबर. सोसायट्यांच्या गणपती मंडळांत शेजारच्या काकूंनी सांगितलं. महिनाभराचे डबे लावणारे सहाजण त्यातून आले. त्यांना डिस्काउंट लागत नाही, त्यांना दुपारी साडेबाराला डबा लागतो.

आता माझी बाजू कमकुवत कुठे आहे तेही सांगते, नाहीतर तुम्ही पट्टीवर लाल खूण करालच. मी पोचवते फक्त पार्ल्यात, दोनेक किलोमीटरमध्ये. लोखंडवालाला एका थाळीसाठी गाडीवाला ऐंशीच्या आसपास मागतो, आणि 79 झाले की माझे उरणारे 41 च, अॅपएवढेच. म्हणजे लांबचं गिऱ्हाईक अॅपलाच राहू दे. शिवाय अकरा ते एक मेसेजना उत्तर देणारी मी एकटीच. "उद्या करते जीपे" म्हणणाऱ्या दोघी आहेतच. सायकलवाला पावसात आला नाही तर मी स्वतः छत्री घेऊन निघते.

पण ताबा म्हणजे काय ते मला आमटी सांडली त्या दिवशी समजलं. अॅपवरच्या एका थाळीत झाकण सैल राहिलं. चूक माझीच. त्या बाईंना अॅपने पूर्ण पैसे परत दिले, माझ्या पट्टीतून कापून, आणि मला त्यांना फोन करून "वाटी पाठवू का?" एवढंही विचारता आलं नाही. तसंच माझ्या नंबरवरच्या आजोबांबाबत झालं तेव्हा मुलगा पंधरा मिनिटांत आमटी घेऊन गेला, आणि आजोबांनी त्याला वर दहा रुपये दिले.

उकडीचे मोदक मी अॅपवर टाकणारच नाही, आई. चार हातांनी दिवसाला तीनशेच होतात आणि मागणी त्याहून जास्त असते. जिथे गिऱ्हाईक शोधायचंच नाही तिथे शोधून देण्याचं कमिशन कशाला? नैवेद्य बाराच्या आत हवा, तर रात्रीच नावं, निम्मे पैसे आगाऊ, आणि तीनशेला वही बंद.

तुझी भाजणी मात्र ऑनलाइन मार्केटप्लेसवर घालायचं मी मनात धरलं होतं. तिथे कमिशन अॅपपेक्षा कमी दिसतं म्हणून भुलले होते. मग कळलं की कमिशनशिवाय प्रत्येक ऑर्डरला ठरावीक शुल्क आणि वजनावर कुरिअर वेगळं, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं पाकीट माणूस घरी नसला की परत येतं. दोनशेच्या अर्ध्या किलोत सत्तर-ऐंशी रुपये त्यातच जातात. राज्याबाहेर पाठवायचं तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी हवी. अर्ध्या किलोच्या पुड्यांसाठी तो व्याप आत्ता नको. पुणे-नाशिकच्या ओळखीच्यांना मी पोस्टाने पाठवते, टपालखर्च त्यांचा.

बाबा, मागच्या चार आठवड्यांच्या पट्ट्या छापून सोबत घातल्या आहेत. "जाहिरात" म्हणून एक कापणी आहे, ती मी होकार दिलेली आठवत नाही. बघून सांगा. आई, भाजणी पाच किलो पाठव, आणि आगळाची बाटली नीट गुंडाळ, मागच्या वेळी पिशवीभर लाल झालं होतं.

तुमची लेक